स्वप्नात हातात आलेला केसांचा पुंजका

प्रश्न: आई जाऊन पाच महिने झाले. गेल्या दीड महिन्यात तीनदा तेच स्वप्न पडलं. मी आईच्या लाकडी फणीने केस विंचरतेय आणि दरवेळी मूठभर केस हातात येतात. मी ते परत डोक्यावर चिकटवायला बघते. शेजारी मिस्टर मोबाईल बघत बसलेत, त्यांच्या लक्षातच येत नाही. तिसऱ्या वेळी तर मागून कुणीतरी वेणीच कापली, चेहरा दिसला नाही. (हॉस्पिटलमध्ये गुंता सुटेना म्हणून आईची वेणी मीच कापली होती.) खरे केसही दोन महिन्यांपासून गळतायत. सासूबाई म्हणतात, असं स्वप्न पडलं की घरात आणखी कुणी जातं. याचा अर्थ काय? आणि हे थांबेल कसं? वय ३८.

उत्तर:

घरात कुणी जाणार, असं हे स्वप्न सांगत नाही. जे घडून गेलं त्याबद्दल ते आहे. पण सासूबाईंचं म्हणणं उडवून लावण्याआधी ती समजूत कुठून आली ते बघू, कारण भीती तिथेच बसलेली आहे.

आपल्याकडे केस उतरणं आणि मृत्यू यांची गाठ फार जुनी. दहाव्याला घाटावर मुलाचं क्षौर होतं. तीन-चार पिढ्यांपूर्वीपर्यंत कितीतरी घरांत नवरा गेला की बाईचं केशवपन व्हायचं. अग्निपुराणात शुभ-अशुभ स्वप्नांचा एक अध्याय आहे, त्यात मुंडण अशुभांत मोजलेलं आहे. म्हणजे सासूबाई काही मनाने सांगत नाहीत. मात्र प्रत्यक्षात आधी माणूस जातो आणि मग केस उतरतात. समजुतीत हा क्रम उलटा झाला: केस गेले, आता माणूस जाणार. तुमच्या बाबतीत तर आई आधीच गेलेली आहे, स्वप्न तिच्यामागून आलंय.

‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ हेही तुम्हाला कुणी ना कुणी ऐकवलं असेलच. त्यामागे झोपेची रचना आहे. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी डोळे पापण्यांआड भराभर हलतात, आणि सर्वांत ठळक स्वप्नं त्याच टप्प्यात पडतात. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो लांबत जातो. त्या टप्प्यातून थेट जाग आली तर स्वप्न सगळ्या तपशिलासह लक्षात राहतं. म्हणून पहाटेचं स्वप्न जास्त खरं वाटतं. खरं वाटणं आणि खरं होणं या दोन गोष्टी आहेत.

आता खऱ्या केसांकडे वळू. स्वप्नाचा अर्थ लावण्याच्या नादात हे राहून जातं, आणि पहिली चूक इथेच होते.

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता मुळाशी बसून राहतो आणि गळतो. शरीराला किंवा मनाला मोठा धक्का बसला, ताप, बाळंतपण, ऑपरेशन, आजारपणातली जागरणं, धड न खाणं, असं काही झालं की वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम थांबतात. पण ते लगेच गळत नाहीत. दोन ते तीन महिन्यांनी गळतात. त्वचारोगतज्ज्ञ याला टेलोजन एफ्लुव्हियम म्हणतात. तुमचं गणित पाहा: आई जाऊन पाच महिने, गळती सुरू होऊन दोन. मधे बरोबर तीन महिने जातात. हॉस्पिटलच्या बाकावर काढलेल्या रात्री आणि त्यानंतरचे दिवस आत्ता तुमच्या फणीत येतायत. अर्थात ही वेळेवरून बांधलेली शक्यता आहे, खात्री तपासणीनेच होईल.

घरी एक साधी चाचणी करता येते. आदल्या दिवशी केस धुवू नका. अंगठा आणि दोन बोटांत साधारण ६० केसांची बट धरा आणि मुळापासून टोकापर्यंत हळू, पण सलग ओढत आणा. हिसका नको. डोक्यावर तीन-चार ठिकाणी असं करा. दर बटेमागे सहापेक्षा जास्त केस हातात येत असतील तर गळती चालू आहे असं समजायचं. आलेल्या केसाच्या मुळाशी पांढरा, बारीक गोळा दिसला तर घाबरू नका. ‘मुळासकट आला’ म्हणून लोक हबकतात, पण विश्रांतीतला केस तसाच गळतो, मूळ त्वचेत शाबूत असतं. शिवाय रोज ५० ते १०० केस सगळ्यांचेच जातात. लांब केस असले की तेवढेच केस ढीगभर दिसतात, आणि आठवड्यातून दोनदाच धूत असाल तर न्हाणीच्या जाळीत तीन-चार दिवसांचे केस एकदम जमतात.

गळती सगळ्या डोक्यावरून सारखी असेल तर बहुधा ती हीच. भांगाची रेघ रुंद होत चालली असेल, किंवा रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली असेल, तर प्रकरण वेगळं, आणि मग त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. सारख्या गळतीतही हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच या तीन तपासण्या करून घ्या. लोहाची कमतरता आणि थायरॉईडचा बिघाड अगदी असेच दिसतात, आणि बाईच्या अशा लक्षणांवर ‘टेन्शन आहे’ असा शिक्का फार सहज मारला जातो. दुसरं कारण नसेल तर ही गळती सहसा तीन ते सहा महिन्यांत आपणहून ओसरते. फक्त नवा केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून वेणीची जाडी परत यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. हे आधीच माहीत असलं की रोज आरशासमोर हिशोब मांडला जात नाही.

खऱ्या केसांवर इतकं थांबलो याचं कारण स्वप्नातही आहे. कॅल्विन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकात हजारो स्वप्नं गोळा केली आणि त्यांत कोण येतं, काय घडतं, हे अक्षरशः मोजलं. त्यातून निघालेली मुख्य गोष्ट साधी होती: दिवसा डोक्यात जे घोळतं तेच रात्री येतं. तुम्ही दोन महिने रोज सकाळी फणीतले केस बघताय. ते स्वप्नात आले नसते तरच नवल. म्हणजे ‘केस’ हा कच्चा माल दिवसातून आला. त्या मालाचं रात्री काय बनलं, तिथून अर्थाचा प्रश्न सुरू होतो.

इथे स्वप्नकोश उघडायचा मोह होतो. तो टाळा, आणि का ते एका जुन्या उदाहरणावरून सांगतो. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नपाठकाने मुंडणाच्या स्वप्नाचे अर्थ माणसागणिक वेगळे दिले होते. इजिप्शियन देवांच्या पुजाऱ्याला ते शुभ, कारण त्याचं डोकं तसंही भादरलेलं. खलाशाला मात्र ते जहाज फुटण्याचं, कारण त्या काळी बुडत्या जहाजातून वाचलेले लोक मुंडण करत. त्याच्या भाकितावर विश्वास ठेवायची गरज नाही, पण अठराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला एक गोष्ट नीट कळली होती: आधी ज्याला स्वप्न पडलं त्याच्या आयुष्यात केस म्हणजे काय ते विचारा. उलट फ्रॉइडने टक्कल, केस कापणं आणि दात पडणं या सगळ्यांना एकच लैंगिक अर्थ दिला. आई गमावलेल्या बाईच्या हातात त्याने काहीही पडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उपयोगी काय? स्वप्नातलं चित्र कोणत्या भावनेचं आहे ते शोधणं. अर्नेस्ट हार्टमन हे मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या आघातातून गेलेल्यांची स्वप्नं अभ्यासत. आगीतून वाचलेल्या माणसाला काही दिवसांनी प्रचंड लाट अंगावर येण्याची स्वप्नं पडतात, असं त्यांनी दाखवलं. पाण्याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ‘आपण हतबल आहोत’ ही भावना लाटेच्या रूपात दिसते. तुमच्या स्वप्नात त्या लाटेच्या जागी मूठभर केस आहेत.

केस गळणं आणि केस कापले जाणं या दोन स्वप्नांना लोक एकाच पिशवीत टाकतात. मी तसं करणार नाही. गळण्यात करणारा कुणी नसतो. कुणावर रागावता येत नाही, कुणाला थांबवता येत नाही, वस्तू आपली असून आपल्या हातून निसटत राहते. त्याच्याशी येणाऱ्या भावना बहुतेक वेळा असहायता, लाज, आणि ‘मी पूर्वीची राहिले नाही’ ही. कापण्यात मात्र एक हात असतो आणि एक कात्री असते. तिथे विचारायचं: हात कुणाचा, विचारून कापले की न विचारता, आणि कापल्यावर पहिल्या क्षणी काय वाटलं? स्वतःच्या हाताने केस कापल्याचं स्वप्न पडून हलकं वाटलेले लोकही पुष्कळ असतात. नोकरी सोडताना, लग्न मोडताना असं होतं. बळजबरीने कापले गेले तर अपमान आणि राग येतो. इथे आपली सामाजिक आठवणही असते. केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला, नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. ज्या घरात पणजीच्या लाल आलवणाची आणि बोडक्या डोक्याची गोष्ट हलक्या आवाजात सांगितली गेली, त्या घरातल्या मुलीच्या मनात कात्रीचा अर्थ दुसरीकडून येईल.

आता तुमचं स्वप्न हातात घेऊ. त्यासाठी आधी ते नीट लिहून काढावं लागेल, कारण प्रश्नात तुम्ही तीन स्वप्नं एकत्र सांगितली आहेत. उशाशी वही ठेवा. जाग आल्यावर कूस न बदलता एक-दोन मिनिटं स्वप्न मागे फिरवून बघा, मग लिहा. वर्तमानकाळात लिहा: ‘मी विंचरतेय, फणी अडकते.’ अर्थ लिहू नका, ‘म्हणजे बहुतेक’ हे शब्द नकोत. पाच-सहा ओळी पुरेत. त्याखाली तीन गोष्टी टिपा: भावना कोणती आणि ती शरीरात कुठे होती, स्वप्नात कोण काय बघत होतं, आणि शेवटचं चित्र कोणतं होतं. मोबाईलवर लिहिलंत तर बहुतेक वेळा आलेले मेसेज आधी दिसतात आणि निम्मं स्वप्न तिथेच उडतं, म्हणून वही बरी.

मग दिवसा, निवांत वीस मिनिटं काढून स्वतःच्या केसांचा इतिहास लिहा. हे पान स्वप्नाच्या पानाइतकंच महत्त्वाचं आहे. लहानपणी केस कोण विंचरायचं? तेल कोण लावायचं, कोणत्या वारी? केसांचं कौतुक कुणी केलं, नावं कुणी ठेवली? किती लांब ठेवायचे, कधी कापायचे, हे कोण ठरवायचं? पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने कधी कापले? आणि शेवटचा प्रश्न: आता माझे केस कोण बघतं?

तुम्ही दिलेल्या तपशिलांवरून मला काय दिसतं ते सांगतो, पण हे अंदाज आहेत. खरे-खोटे तुम्हीच ठरवायचे.

पहिला तपशील फणीचा. स्वप्नात तुमचा रोजचा कंगवा आलेला नाही, आईची लाकडी फणी आली. लहान मुलीचे केस विंचरणं म्हणजे रोज पंधरा मिनिटं आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसणं. मान सरळ ठेव, हलू नकोस, किती गुंता केलायस. त्या वेळात आई मुलीला बघते, तिच्या डोक्याचा आकार तिला बोटांनी पाठ असतो. आई गेल्यावर जे जातं त्यात हे बघणंही असतं. ‘मी कुणाची तरी मुलगी आहे’ हे सांगणारा तो स्पर्श. त्याच फणीने विंचरताना स्वप्नात केस निघून येतात. आई गेली आणि माझ्यातलंही काहीतरी तिच्याबरोबर निघून चाललंय, असं हे चित्र असू शकतं.

दुसरा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मिस्टर शेजारी आहेत आणि त्यांना दिसत नाही. भीतीच्या स्वप्नात माणूस ओरडतो, पळतो. तुम्ही तसं करत नाही. तुम्ही केस गुपचूप परत चिकटवायला बघता. पाच महिन्यांनंतर घरातल्या इतरांच्या लेखी दुःखाची मुदत संपलेली असते. तेरावं झालं, ऑफिस सुरू झालं, डबे सुरू झाले. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसावं म्हणून तुम्ही जी धडपड करताय, ती या चिकटवण्यात आहे का? आणि ‘कुणाच्या लक्षात येऊ नये’ आणि ‘कुणाच्या तरी लक्षात यावं’ ही दोन्ही एकाच वेळी वाटतायत का? मिस्टरांवर हा आरोप नाही. स्वप्नातला नवरा हा तुमच्या मनाने बसवलेला माणूस आहे. खऱ्या माणसाला एकदा विचारून बघायला हरकत नाही.

तिसरा तपशील वेणीचा. तो तुम्ही कंसात लिहिलाय, म्हणून मी त्याच्याशी जपून बोलतो. हॉस्पिटलमध्ये आडवं पडून राहिलेल्या माणसाच्या केसांचा नमद्यासारखा गोळा होतो. घाम, उशीचं घासणं आणि तेल-पाणी नसणं यांमुळे तीन-चार दिवसांत तो असा होतो की फणी शिरत नाही, आणि ओढलं की दुखतं. तो कापणं ही शुश्रूषाच आहे. पण आईची वेणी कापताना हाताला जे जाणवलं असेल, कात्रीचा तो करकर आवाज, ते या कारणाने पुसलं जात नाही. तिसऱ्या स्वप्नात तुम्ही आईच्या जागी आहात आणि कापणारा हात मागे आहे. चेहरा न दिसण्याचं एक साधं कारण असं असू शकतं की आईलाही कापणाऱ्याचा चेहरा दिसला नव्हता. तो हात तुमचाच असेल, तर स्वप्न तुम्हाला दोष देतंय असं लगेच धरू नका. आईला तेव्हा काय वाटलं असेल, हा प्रश्न कदाचित तुम्ही जागेपणी स्वतःला विचारू दिलेला नाही, आणि स्वप्नाने तुम्हाला नेऊन तिच्या खुर्चीत बसवलं.

अंदाज बरोबर आहे की नुसता हुशारीचा, हे ओळखायची एक खूण आहे. बरोबर अर्थ मनात म्हटला की शरीर काहीतरी करतं, घसा दाटतो किंवा खांदे सैल पडतात, आणि पाठोपाठ एखादी आठवण येते जी तुम्ही विसरला होतात. चुकीचा अर्थ ‘हो, असेल’ एवढ्यावर थांबतो आणि पुढे काही येत नाही. वरच्या तिन्हींपैकी जो असा थांबेल तो सोडून द्या, तो ओढूनताणून बसवू नका.

थांबवण्याचं आता. दीड महिन्यात तीनदा, ही संख्या उपचार लागावा इतकी मोठी नाही. दुःखात अशी स्वप्नं येतात आणि विरळ होतात. पण ते आठवड्यातून एकदा किंवा त्याहून जास्त पडायला लागलं, किंवा झोपायचीच भीती वाटू लागली, तर एक पद्धत आहे जिचा चांगला अभ्यास झालेला आहे. तिला प्रतिमा-सराव म्हणता येईल. बॅरी क्रॅकाव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचारातून गेलेल्या १६८ स्त्रियांसोबत तिची चाचणी प्रसिद्ध केली, आणि दुःस्वप्नं कमी होऊन झोप सुधारल्याचं त्यात दिसलं. तुमचं दुःख वेगळं आहे, पण कृती तीच.

दिवसा, शक्यतो दुपारी किंवा संध्याकाळी लवकर, स्वप्न एकदाच लिहून काढा. मग त्यात तुम्हाला हवा तो बदल करून नवं स्वप्न लिहा. बदल कुठेही करा, अगदी सुरुवातीलाही. त्यानंतर जुनं स्वप्न बाजूला ठेवायचं. रोज दहा ते पंधरा मिनिटं डोळे मिटून फक्त नवं स्वप्न बघायचं, रंग, वास, हाताला लागणारी लाकडाची धार, सगळ्यासह. दोन-तीन आठवडे. फरक बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून जाणवतो, आणि नवं स्वप्न जसंच्या तसं पडत नाही. जुनं तुटक होतं, किंवा त्याच्या मधेच जाग येते आणि भीती कमी असते. तेवढं पुरे.

तुमच्यासाठी नवं स्वप्न असं असू शकेल: ‘मी आईच्या फणीने विंचरतेय. काही केस निघतात. मी ते चिकटवत नाही, बोटाभोवती गुंडाळते, जशी आई गुंडाळायची, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. मग मी फणी बाजूला ठेवते आणि शेजारी बघून म्हणते, जरा इकडे बघ.’ बदल छोटा आहे, पण दोन गोष्टी फिरल्या: लपवणं थांबलं आणि कुणाला तरी हाक मारली.

या पद्धतीत बहुतेकांचं तीन ठिकाणी अडतं. काहीजण झोपण्याच्या अगदी आधी सराव करतात आणि जुनं स्वप्नच उकरून अंथरुणात शिरतात. काहीजण रोज जुनं स्वप्नही पुन्हा वाचतात, त्याने तेच पक्कं होतं. तिसरी चूक दुःखात हमखास होते: नव्या स्वप्नात आई बरी होऊन परत येते. तसं लिहू नका, असं मी सुचवेन. पंधरा मिनिटं गोड जातात, पण डोळे उघडल्यावर ती पुन्हा एकदा जाते. तिला आठवणीत येऊ द्या, मागे बसून तेल लावताना येऊ द्या, पण हॉस्पिटलची ती खोली बदलू नका.

वेणीच्या स्वप्नासाठी सरावाआधी वेगळं काम करावं असं वाटतं. आईला पत्र लिहा, एक पान, फक्त त्या दिवसाबद्दल. किती वाजले होते, कुणी सांगितलं, कात्री कुठून आणली, वेणीचं पुढे काय केलंत, आणि तिला तेव्हा काय सांगायचं राहिलं. हे लिहिताना रडू आलं तर थांबायची गरज नाही. पण छातीत धडधड होऊन ती खोली डोळ्यांसमोर पुन्हा घडतेय असं वाटू लागलं, तर पेन खाली ठेवा. तेवढं काम एकटीने न करता मानसोपचारतज्ज्ञांसोबत करायचं असतं.

काही गोष्टी स्वप्नाच्या नसून औषधांच्या असतात. गेल्या काही महिन्यांत धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा नैराश्याची गोळी सुरू झाली असेल, बदलली असेल किंवा अचानक बंद केली असेल, तर ठळक, त्रासदायक स्वप्नं त्याने येऊ शकतात. गोळी आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना स्वप्नांचं सांगा. आणि एक प्रश्न मोकळेपणाने विचारतो: बसल्या बसल्या तुमचा हात केसांत जाऊन ते उपटतो का? उपटलेल्या जागी वेगवेगळ्या लांबीची तुटकी टोकं लागतात, गळालेल्या जागी तशी लागत नाहीत. तसं असेल तर तो वेगळा आणि उपचार होणारा विकार आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पाच महिन्यांनी आई रोज आठवणं, रडू येणं, यात आजार नाही. पण दिवस सरत जातील तसं दुःख जराही हलत नसेल, कामात, मुलांत, जेवणात कशातच मन नसेल, झोप आठवडेच्या आठवडे तुटत असेल, तर दाखवून घ्या. आणि जगणंच नको असं वाटू लागलं तर त्याच दिवशी बोला. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना विचारा: ‘तुम्ही हे पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत?’ बहुतेक वेळा या उत्तरात एखादं खरं मरण असतं, त्यांच्या आईचं किंवा आत्याचं, आणि त्याआधी पडलेलं एक स्वप्न, जे त्यांनी वर्षानुवर्षं कुणाला नीट सांगितलेलं नसतं. ते ऐकून घ्या. आणि जमलं तर एखाद्या रविवारी फणी आणि तेलाची वाटी घेऊन त्यांच्यापुढे बसा. केस गळतायत, जरा हलक्या हाताने लावा, एवढंच सांगा.